मदत हवी आहे: ६०० महिन्यांचं रिग्रेशन, न्यूई-वेस्टमध्ये लॅग किती घ्यायचे?

मंदगती

नमस्कार मंडळी,

प्रबंधाच्या एका प्रकरणात अडकलो आहे. माहिती दरमहा आहे, सलग ५० वर्षांची, म्हणजे ६०० निरीक्षणं. y म्हणजे दीर्घ मुदतीच्या आणि तीन महिन्यांच्या सरकारी रोख्यांच्या परताव्यातला फरक. x म्हणजे औद्योगिक उत्पादनाची वर्षभरातली टक्केवारी वाढ. साधं रिग्रेशन आहे, एकच x. सहगुणक −०.१४ येतो आणि त्याबद्दल काही शंका नाही. गोंधळ आहे तो स्टँडर्ड एररचा.

पाठ्यपुस्तकातला `floor(4*(T/100)^(2/9))` हा नियम लावला तर ५ लॅग येतात आणि t −३.४१. एका शोधनिबंधात `1.3*sqrt(T)` असं दिसलं. त्याने बँडविड्थ ३२ येते, म्हणजे ३१ लॅग, आणि t घसरतो −२.०६ वर. काहीच न सांगता R मधलं `NeweyWest(m)` चालवलं तर t −१.७४!

माहिती तीच, सहगुणक तोच, तरी निष्कर्ष तीन. मार्गदर्शकांनी विचारलं, "यातला कुठला का निवडलास?" मला उत्तर देता आलं नाही. मला सोयीचा आकडा नको आहे, कारण हवं आहे.

श्रीरंग_१२

रेसिड्युअलचा ऑटोकोरिलेशन आलेख काढा. जिथे तो शून्याच्या पट्ट्यात शिरतो तिथपर्यंतचे लॅग घ्या. माझ्या कामात साधारण तीन-चार पुरतात. ३१ लॅग फारच झाले, इतके सहप्रसरण मोजायचे म्हणजे नुसता गोंगाट गोळा करणं.

मंदगती

श्रीरंग, काढला. पहिल्याच लॅगला ०.९३ आहे आणि पट्ट्यात शिरायला तीन वर्षांच्या आसपास लागतात. मग काय ३६ घेऊ?

जुना_गणिती

श्रीरंग, आलेख बघायची दिशा बरोबर आहे, पण आलेख चुकीच्या मालिकेचा बघताय. सहगुणकाच्या स्टँडर्ड एररमध्ये रेसिड्युअल एकटा कधीच येत नाही. येतो तो x आणि रेसिड्युअलचा गुणाकार. x ला स्मरण नसेल तर रेसिड्युअल कितीही चिकट असला तरी गुणाकारात चिकटपणा उरत नाही आणि पाच लॅगसुद्धा चालून जातात. उलट दोन्ही चिकट असले तर मोठी अडचण. मंदगती, एवढं करून बघा:

```r
m <- lm(y ~ x)
z <- (x - mean(x)) * resid(m)
acf(z, lag.max = 48)
```

x चं पहिल्या लॅगचं ऑटोकोरिलेशनही सांगा.

मंदगती

x चं ०.९७. z चं पहिल्या लॅगला ०.९०, सहाव्याला ०.५२, बाराव्याला ०.२८.

जुना_गणिती

०.९७ गुणिले ०.९३ म्हणजे ०.९०. x आणि त्रुटी एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर असंच व्हायला हवं. शिवाय ०.९ चा सहावा घात ०.५३ आणि बारावा ०.२८, म्हणजे तुमचा z जवळजवळ AR(1) सारखा उतरतोय. आपलं नशीब, कारण आता हिशेब कागदावर करता येतो.

z असा असेल तर दीर्घकालीन प्रसरण हे साध्या प्रसरणाच्या (१+०.९)/(१−०.९) म्हणजे १९ पट असतं. पाच लॅगच्या न्यूई-वेस्टमध्ये त्यातलं किती पकडलं जातं ते पाहा. बार्टलेट वजनं पहिल्या लॅगला ५/६, दुसऱ्याला ४/६ अशी उतरत पाचव्याला १/६ होतात आणि पुढचं सगळं शून्य. बेरीज केली की १९ च्या जागी ४.९ येते. वर्गमूळ घेतलं तर स्टँडर्ड एरर खऱ्याच्या जेमतेम निम्मी. तुमचा −३.४१ तिथून आलाय.

बँडविड्थ ३२ केली की तीच बेरीज १३.६ होते. तरीही ती १९ नाही, स्टँडर्ड एरर अजून सुमारे १५ टक्के कमीच आहे. पण ५ आणि ३१ यांतली निवड ही आवडीनिवडीची बाब नाही हे यातून दिसावं. पाच लॅगमध्ये जे राहून जातं ते तुमच्या z मध्ये उघड दिसतंय.

पायवाट

मग पाठ्यपुस्तकं ५-६ लॅग का सांगतात? इतकी वर्षं सगळे चुकलेत असं तर नसेल ना.

जुना_गणिती

चुकलेली नाहीत. त्या नियमाच्या पोटात एक गृहीतक दडलेलं असतं, ते कोणी मोठ्याने सांगत नाही. शेजारचाच नियम घ्या, `0.75*T^(1/3)`. तुमच्यासाठी तो सहाच्या जवळ येतो. त्याचं मूळ अँड्र्यूजच्या १९९१ च्या सूत्रात आहे. बार्टलेटसाठी z ला AR(1) मानलं तर ते असं:

```r
a <- 4*rho^2 / (1 - rho^2)^2
S <- 1.1447 * (a*T)^(1/3)
```

यात rho ला ०.२५ घाला, T च्या घनमुळापुढे ०.७५ उरतं. नियम तिथूनच आलाय! म्हणजे तो वापरताना तुम्ही "माझ्या z चं ऑटोकोरिलेशन पाव आहे" असं म्हणत असता. तुमचं ०.९० आहे. तेच सूत्र ०.९ ला सोडवलं तर ४३ येतं. T वाढल्याने बँडविड्थ हळूहळू वाढते, rho वाढल्याने झपाट्याने. "नमुना लांब आहे, आता काळजी नाही" हा समज दरमहा मालिकांमध्ये हमखास दगा देतो, कारण महिने ६०० असले तरी त्यांत स्वतंत्र बातमी फार थोडी असते. तुमच्या बाबतीत ६०० भागिले १९, म्हणजे तीसेक निरीक्षणांइतकी.

तनया

माझाही असाच प्रश्न आहे, इथेच विचारते. मी पुढच्या १२ महिन्यांचा एकत्रित परतावा दरमहा मोजते, त्यामुळे शेजारच्या निरीक्षणांत ११ महिने सामाईक असतात. मी ११ लॅग घेते कारण त्रुटी MA(11) आहे. मंदगतींनाही ११ पुरायला हवेत ना? त्यांचा x वार्षिक वाढीचाच आहे.

जुना_गणिती

तनया, तुमची गोष्ट थोडी वेगळी आहे. तुमच्याकडे ओव्हरलॅप y मध्ये आहे, तो त्रुटीत शिरतो आणि किमान किती लांब जायचं ते आधीच ठाऊक असतं. मंदगतींच्या z ला बारा महिन्यांनंतरही ०.२८ स्मरण आहे, तिथे ११ वर थांबायला आधार नाही.

पण तुमचे ११ सुद्धा तपासा. बार्टलेटमध्ये ११ लॅग सांगितले की अकराव्या लॅगला वजन मिळतं फक्त १/१२. जो ओव्हरलॅप भरून काढायचा म्हणून ११ घेतले तोच बराचसा कापला जातो. सगळ्यांना पूर्ण वजन दिलं तर प्रसरण ऋण यायचा धोका, आणि तो टाळायलाच तर १९८७ साली ही उतरती वजनं आली. त्यामुळे बार्टलेट ठेवायचं असेल तर ११ च्या बरंच पुढे जावं लागेल.

पायवाट

y चा मागचा लॅग रिग्रेशनमध्येच घाला की. रेसिड्युअल स्वच्छ होतो आणि हा सगळा प्रश्नच मिटतो.

मंदगती

पायवाट, तसं करून पाहिलं होतं. रेसिड्युअल सुधारतो, पण मग सहगुणक "या महिन्याचा धक्का" सांगतो. मला दोन मालिकांमधला एकूण संबंध हवा आहे, प्रकरणातला प्रश्नच तो आहे.

गणिती, दोन गोष्टी अजून कळल्या नाहीत. ३२ पुरेसे नाहीत असं तुम्हीच म्हणालात, मग ४३ का नको? आणि R ने स्वतःहून −१.७४ कुठून काढलं?

जुना_गणिती

आधी दुसरं. `NeweyWest` ला काही सांगितलं नाही तर ते लॅग आपोआप निवडतं आणि त्याआधी प्रीव्हाइटनिंग करतं, म्हणजे z वर AR(1) बसवून उरलेल्यावर न्यूई-वेस्ट लावतं आणि शेवटी (१−rho) च्या वर्गाने भागतं. तुमचा z खरंच AR(1) सारखा असल्याने ते १९ च्या जवळ पोचलं असणार. −२.०६ ला त्या राहिलेल्या १५ टक्क्यांनी खाली आणा, १.७४ च येतं. पण त्या भागाकाराला जपा. rho ०.९० असेल तर तो १०० ने गुणण्यासारखा आहे, ०.९३ झाला तर २०० च्या वर. अंदाजात इतकीशी चूक आणि प्रसरण दुप्पट. म्हणून मी एकट्या त्या आकड्यावर निष्कर्ष टांगणार नाही.

आता ३२ की ४३. बँडविड्थ वाढवली की एकीकडे तूट कमी होते, दुसरीकडे स्टँडर्ड एररचा अंदाजच डळमळतो. तो डळमळीतपणा १.९६ मध्ये धरलेला नाही. `1.3*sqrt(T)` हा २०१८ मधला प्रस्ताव आहे आणि त्यात अटच अशी आहे की क्रिटिकल व्हॅल्यू फिक्स्ड-बी पद्धतीची घ्यायची. लोक नियम उचलतात आणि अट सोडतात. बार्टलेटसाठी ती २००५ च्या सूत्राने सहज काढता येते:

```r
V <- NeweyWest(m, lag = 31, prewhite = FALSE)
b <- 32/600
cv <- 1.96 + 2.9694*b + 0.4160*b^2 - 0.5324*b^3
```

cv येतं २.१२. तुमचा t २.०६. ४३ घेतलं तर cv २.१८ च्या जवळ जातं आणि t आणखी खाली येतो. `coeftest` शेजारी जे तारे छापतं ते साध्या t वर असतात, त्यांच्याकडे पाहू नका. आणि हो, ३२ बँडविड्थ म्हणजे ३१ लॅग हे तुम्ही बरोबर धरलंत. कुठल्या सॉफ्टवेअरला काय सांगायचं त्यात अनेकांचा एक आकडा इकडचा तिकडे होतो, पण या लांबीला त्याने फरक पडत नाही.

मंदगती

म्हणजे पाच टक्क्यांवर टिकत नाही. −०.२८ ते जेमतेम शून्याच्या वरपर्यंतचा पट्टा. वाईट वाटलं, पण आता कारण सांगता येईल.

एक गोष्ट मात्र सतावते. नमुन्याच्या मध्यात चलनधोरणाची पद्धत बदलली आणि y ची सरासरी तिथे उघड खाली सरकलेली दिसते. तिथे एक डमी घातला तर z चं पहिलं ऑटोकोरिलेशन ०.८१ वर येतं, सहगुणक −०.११ आणि ३१ लॅगनेच t −२.३९. हा २.१२ च्या वर जातो.

जुना_गणिती

हे महत्त्वाचं आहे. सरासरीतली पायरी न धरता सोडली की ती चिकटपणाचं सोंग घेते आणि कुठल्याही बँडविड्थला फसवते. तुमच्या ०.९० मधला काही वाटा तिचा असू शकतो. पण डमीची तारीख तुम्ही आधी ठरवली होती की आलेख पाहून?

मंदगती

धोरणबदलाची तारीख जाहीर आहे, मी शोधलेली नाही. पण डमी घालावा हे सुचलं ते आलेख पाहिल्यावरच.

श्रीरंग_१२

तारीख जाहीर आहे ना, मग घाला. ज्या अर्थशास्त्राबद्दल लिहिताय त्यात तो बदल खरा आहे.

जुना_गणिती

मी मुख्य तक्त्यात डमीशिवायचं ठेवेन आणि डमीचं लगेच शेजारी. आलेख बघून सुचलेल्या डमीला २.१२ चा निकष तितकासा लागू होत नाही, आणि त्यासाठी किती वाढवायचा याचं सूत्र माझ्याकडे नाही. श्रीरंग यांचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. मंदगती, डमीच्या दोन्ही बाजूंना सहगुणक वेगवेगळा काढून पाहिलात का? एका बाजूला −०.२ आणि दुसरीकडे शून्य असं निघालं तर प्रश्न बँडविड्थचा नव्हताच.

मंदगती

नाही पाहिला. प्रत्येक बाजूला ३०० महिने, म्हणजे बँडविड्थ २३ च्या आसपास येईल ना? आज रात्री चालवून इथेच टाकतो.