मधेच राउंड ऑफ करू नका
"लिमिटिंग रिएजंट बरोबर निघतो, तरी शेवटी शेजारचाच पर्याय येतो."

माझंही असंच व्हायचं. दोष मधल्या राउंडिंगचा. 2Al + 3Cl2 → 2AlCl3 मध्ये 2.7 ग्रॅम Al आणि 10 ग्रॅम Cl2 घ्या, आणि किती ग्रॅम AlCl3 तयार होईल ते काढा. Al चे 0.1 मोल, Cl2 चे 10/71. सहगुणकांनी भागल्यावर क्लोरीन कमी पडतो. आता 10/71 ला 0.14 लिहिलं की उत्तर 12.46 ग्रॅम येतं. अपूर्णांक तसाच ठेवून एकदाच भागाकार केला, 2670/213, तर 12.54. पर्यायांत दोन्ही असतात (पेपर काढणारे खट असतात).

पडताळा सोपा आहे: खर्च झालेलं Al 540/213, म्हणजे 2.54 ग्रॅम, त्यात 10 मिळवले की तेच 12.54. उरलेलं 0.16 ग्रॅम Al विसरून सरळ बेरीज करणाऱ्यासाठी 12.70 चा पर्याय असतोच.