अनुभव धागा: मोमोची पारी फाटते, वाळते, रुसते... तुमचं काय होतं?

चुलीपाशी:
काल माळा आवरताना जुना बांबूचा स्टीमर सापडला आणि हॉस्टेलची रूममेट आठवली. गप्पा मारता मारता तिच्या बोटांतून चुण्या पडत जायच्या. संध्याकाळी भाजीचे मोमो करायला घेतले. लाटल्या छान, मिटल्याही छान, पण वाफवून उचलताना निम्म्यांचे बूड ताटलीलाच राहिले. उरलेल्या पाऱ्यांच्या कडा तोवर कडक, चिकटेचनात. तुमचे अनुभव लिहा, यशाचे, फजितीचे, सगळे.

खादाड_बोका:
बूड गेलं तर वरून चटणी ओता, सूप म्हणून खा 😄

मंद_आच:
चुलीपाशी, पारी कधी फाटते यावर सगळं आहे. लाटताना फाटली तर पीठ कोरडं किंवा मुरलेलं नाही. उचलताना बूड सुटलं तर बहुतेक सारणाचं पाणी. कोबी चिरून मीठ कधी लावलंत? सारण भरून मोमो किती वेळ ठेवले होते?

चुलीपाशी:
मीठ सारणातच घातलं, पिळलं नाही. सगळे भरून होईपर्यंत ताटात ठेवले होते, पाऊण तास तरी.

मंद_आच:
मग तेच. त्या पाऊण तासात मीठ कोबीचं पाणी काढत राहतं आणि ते बुडाशी उतरतं. वरची कड वाळते, खालचं पीठ भिजून लगदा होतं. म्हणजे तुमच्या दोन्ही तक्रारी एकाच ताटातल्या.
कोबी-गाजर बारीक चिरून मीठ लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मग फडक्यात घालून दम लागेस्तोवर पिळा. बाकी मसाला नंतर, मीठ चाखून.
पीठ मी असं भिजवते: मैदा २५० ग्रॅम, मीठ चिमूटभर, पाणी ११५ ते १२० मिली, तेही एकदम नाही. सुरुवातीला गोळा खडबडीत आणि हट्टी वाटतो, तिथे पाणी वाढवायचं नाही. झाकून दहा मिनिटं सोडा, मग परत मळा, आपोआप गुळगुळीत होतो. नंतर अर्धा तास झाकून. दाबल्यावर कानाच्या पाळीइतका मऊ लागला की झालं. लाटताना पारी मागे आक्रसली तर अजून मुरू द्या, जोर लावलात तर मध्येच पातळ होऊन फाटेल.

टिंगूची_आई:
गरम पाण्यात भिजवा हो! उकळतं पाणी घातलं की कधीच फाटत नाही. मी नेहमी तसंच करते. बाळ उठलं, नंतर येते

मंद_आच:
उकळत्या पाण्याने पीठ मऊ होतं, लाटायला सोपं जातं हे खरं. पण ताण सोसायची ताकद कमी होते, पातळ लाटून खूप चुण्या घातल्या की तुटतं. तव्यावर परतायच्या मोमोंना मी कोमट वापरते, वाफवायच्यांना साधं.

टिंगूची_आई:
माझे तर वाफवलेलेच असतात 🤷‍♀️

निळी_छत्री:
कणकेचे करते, मुलांना मैदा नको म्हणून. चुणी घातली की तिथेच भेग. कोंडा चाळून बघितला, थोडा फरक पडतो. कोणी पूर्ण कणकेचे जमवलेत का?

मंद_आच:
कोंड्याचे कण पिठाची साखळी तोडतात. निम्मा मैदा घाला, पाणी थोडं जास्त आणि तासभर मुरवा. पूर्ण कणकेचे हवे तर चुण्या सोडून अर्धचंद्र करा. पातळ पारी, पूर्ण कणीक मला अजून जमलेली नाही.

रविवारचा_आचारी:
पारीची कड पातळ, मध्य जाड ठेवा. चुण्या एकत्र आल्या की तिथे तशीही जाडी वाढते, कच्ची राहते. लाटणं कडेकडेने फिरवत डाव्या हाताने पारी वळवायची. मी गोळी १०–१२ ग्रॅमची घेतो, पारी आठ-नऊ सेंटिमीटर, सारण भरगच्च चमचाभरच. आणि लाटून चळत लावू नका, चारपाच लाटा, भरा, परत लाटा. गोळ्यांवर ओलं फडकं, पण घट्ट पिळलेलं. थबथबीत असलं तर वरची गोळी चिकट होते, मग कोरडा मैदा भुरभुरता आणि त्यानेच कडा मिटत नाहीत.

चुलीपाशी:
अरे हो, मैदा तर मी भरपूर भुरभुरला होता 🙈 आणि ताटली? तेल लावलं होतं तरी चिकटले.

रविवारचा_आचारी:
कोबीचं पान पसरा खाली. पाणी उकळल्यावरच ठेवा, भाजीचे असतील तर ८–१० मिनिटं पुरतात. ओल्या बोटाने हात लावून बघा, चिकट लागलं तर अजून हवंय. काढल्यावर दोन मिनिटं थांबून उचला, गरम असताना पारी फार लेची असते.

खादाड_बोका:
दोन मिनिटं थांबणाऱ्याला सलाम. आणि वाफवून ठेवलेले उघडे राहिले की चामडं होतात, त्याचं काय?

टिंगूची_आई:
झाकून ठेव रे. बाळ झोपलं. माझं उकळत्या पाण्याचं मत कायम आहे. निळी_छत्री, कणकेचे अर्धचंद्र कधी करतेस? फोटो टाक.

निळी_छत्री:
शनिवारी. मुलांनी शिल्लक ठेवले तर 😅