मदत हवी आहे: स्क्रॅबलमध्ये जास्त पॉइंट घ्यायचे की चांगली अक्षरं हाती ठेवायची?

राजेहो, जरा सांगा न. आमच्या गावात शाळेतल्या सरांसोबत इंग्रजी स्क्रॅबल खेळून राहिलो, दोघांतच, साधा १०० टाइलवाला बोर्ड. पहिलीच चाल माझी आणि हातात आले एस, टी, ओ, सी, के, ओ, ई. सातही लागतील असा शब्द काही दिसला नाही, म्हणजे ५० चा बोनस गेला.

आता 'स्टॉक' लावला तर 'के' डबल लेटरवर बसते, वरून मधल्या घराचं डबल वर्ड, झाले ३२. पण मागे उरते फक्त ई आणि ओ, आणि एस गेला, जे अख्ख्या थैलीत चारच असतात. 'कुक' लावला तर २० च, पण ई, एस, टी हाती राहते अन् पुढच्या डावात बोनस जमायचा चान्स वाढते. 'सॉकेट' पण बसते, २६ होते, पण मग हाती एकटा ओ.

दोन्ही प्रकारे खेळून पाहिलं. नेहमी मोठाच स्कोअर घेतला की एखाद्या वेळी हातात नुसते स्वर नाहीतर नुसती व्यंजनं साचते, अन् अक्षरं सांभाळत बसलं की बोनस येईपर्यंत सर ४० नं पुढे निघून जाते. एस आठेक पॉइंटचा धरावा असं ऐकलं आहे, पण ई, टी सोबत असले तर त्याचं काय?

एका चालीला दोनच मिनिटं मिळते, मोबाइल चालत नाही, म्हणून डोक्यात बसेल असाच हिशोब पाहिजे. तुम्ही इथं १२ पॉइंट सोडले असते का, आणि किती फरकापर्यंत सोडता?