शब्दचर्चा: दगड टाकला की ‘पाण्याचे आकारमान’ वाढते का?

सातवी_ब (सोलापूर): सातवीला दगडाचं आकारमान काढायचा प्रयोग घेतला. १०० मिलीच्या मोजपात्रात ५० मिली पाणी घेतलं आणि दोऱ्याला बांधलेला काळा दगड अलगद आत सोडला. पाणी ६२ वर आलं, म्हणजे दगड १२ मिलीचा. निम्म्या वर्गाने वहीत लिहिलं, ‘पाण्याचे आकारमान १२ मिलीने वाढले.’ उत्तर बरोबर आहे, पण वाक्य खटकतं. तुम्ही कसं लिहून घ्याल? आणि ‘विस्थापन’ हा शब्द इथे वापरावा का?

उजनीकाठ: विस्थापनाचं आम्हाला विचारा. धरण झालं आणि आमचं अख्खं गाव उठलं. कागदोपत्री मात्र आम्ही ‘प्रकल्पग्रस्त’. पुनर्वसनाचा धडा सातवीलाच आहे का?

सातवी_ब: नाही हो दादा, हे विज्ञानातलं. दगडाने पाणी हलवलं, त्याबद्दल विचारतेय.

नवी_पेठ: ‘आकारमान’ शब्दच मुळात गोंधळाचा. पोरांना आकार म्हणजे गोल की चौकोनी एवढंच कळतं. सरळ ‘घनफळ’ म्हणा, गणितात तेच आहे. आणि दगड जड असतो म्हणून पाणी वर ढकलतो, तेव्हा ‘वजनाने पाणी वाढले’ लिहिलं तरी चालेल की.

जुनी_प्रयोगशाळा: घनफळाला माझी हरकत नाही. फक्त गणितात ते लांबी-रुंदी-उंची गुणून येतं आणि या दगडाला धड एकही बाजू नाही, म्हणून विज्ञानात आकारमान रुळलं असावं. वजनाचं मात्र पटत नाही. बुडालेल्या वस्तूला जड-हलकं काही नसतं. याच दगडाएवढा लोखंडाचा तुकडा बुडवा, दगडाच्या दुपटीहून जड भरेल, तरी पाणी ६२ वरच थांबेल. तरंगणाऱ्या वस्तूचं वेगळं. तिथे किती पाणी बाजूला सरेल ते वजनावर ठरतं, त्यामुळे तुमचं म्हणणं तिथे लागू पडतं. बुच टाकून पाहा.

आता बाईंचं वाक्य. पाणी आधी ५० मिली होतं, नंतरही ५० मिलीच आहे. ६२ हे पाणी आणि दगड दोघांचं मिळून आहे. म्हणून ‘पाण्याचे आकारमान वाढले’ चूक. मी लिहून घ्यायचो, ‘पाण्याची पातळी ५० च्या खुणेवरून ६२ च्या खुणेवर गेली.’

सातवी_ब: मग ‘पातळी १२ ने वाढली’ एवढंच लिहिलं तर?

जुनी_प्रयोगशाळा: १२ काय, ते विचारा. पातळी ही उंची, ती सेंटिमीटरमध्ये. तोच दगड २५० मिलीच्या रुंद मोजपात्रात टाका. १०० मिलीच्या अरुंद पात्रात पाणी साधारण दोन सेंटिमीटर चढलं असेल, तर रुंद पात्रात जेमतेम एक चढेल. मुलं लगेच म्हणतात, ‘सर, दगड लहान झाला!’ खुणा वाचायला लावा: १५० वरून १६२. फरक पुन्हा १२ मिलीच. हे एकदा शेजारी शेजारी दाखवलं की पातळी आणि आकारमान या दोन शब्दांची गल्लत कमी होते.

नवी_पेठ: बरं, वजनाचं मागे घेतो. घनफळ नाही.

अक्कलकोट_रोड: विस्थापनाला माझा विरोध आहे. सातवीतच गतीच्या धड्यात विस्थापन आहे, तिथे ते दोन ठिकाणांमधलं सरळ रेषेतलं अंतर. एकाच वर्षी एका शब्दाचे दोन अर्थ कशाला? ‘बाजूला सारलेले पाणी’ म्हणा.

जुनी_प्रयोगशाळा: चालेल. पण मोजपात्रात पाणी बाजूला कुठे जातं? वरच चढतं. तोटीच्या भांड्यात ते खरंच बाहेर पडतं, तेव्हा मुलांना शब्द पटतो. तोटीपर्यंत भरा, जादाचं ठिबकणं थांबू द्या, मग दगड सोडा आणि बाहेर आलेलं पाणी मोजा. तोटीच्या तोंडाशी थेंब अडकतो, त्यामुळे एखादा मिली कमी भरतो.

अक्कलकोट_रोड: मग तर ‘सारलेले’ जास्तच बरोबर. सरून बाहेर आलं.

सातवी_ब: अजून एक. एका मुलाने मुरमाचा खडा आणला. पाणी आधी ५८ वर गेलं, बुडबुडे निघत राहिले आणि तास संपेपर्यंत ते ५७ वर उतरलं. पोरं भांडतायत, खडा ८ मिलीचा की ७ मिलीचा?

जुनी_प्रयोगशाळा: मुरमाच्या भोकांत हवा होती, तिच्या जागी पाणी शिरलं. ८ हे भोकांसकट, ७ हे भोकं वगळून, तेही सगळी भरली असतील तर. भोकांसकट हवं असेल तर खडा रात्रभर भिजत ठेवा, वरून पुसा आणि मग मोजा. आकडा हलणार नाही.

नवी_पेठ: मग या दोघांना दोन वेगळे शब्द नकोत का? दोन्हीला आकारमानच म्हणणार?

अक्कलकोट_रोड: ‘भोकांसकट’ आणि ‘भोकांशिवाय’ असंच लिहू द्या. सातवीला पुरे.

जुनी_प्रयोगशाळा: मला ‘बाहेरचं आकारमान’ बरं वाटतं. दुसऱ्याला नेमका शब्द सुचत नाही.