मदत हवी आहे: 11 वर्षांच्या मुलाला ग्रोथ हॉर्मोनची इंजेक्शनं सुचवली आहेत, किती उंची वाढेल?

वैशाली_क

मुलगा 11 वर्षं 4 महिन्यांचा, उंची 125 सेमी, वजन 25 किलो. वाढीच्या तक्त्यावर सगळ्यात खालच्या रेषेच्याही खाली आहे. बाबांची उंची 165, माझी 152. डाव्या मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय 9 सांगितलं. वयात येण्याची चिन्हं अजून नाहीत. क्लोनिडिनची टेस्ट झाली, त्यात हॉर्मोन जास्तीत जास्त 8.2 पर्यंत गेलं. कागदावर "10 पेक्षा कमी, कमतरता" असं लिहिलंय आणि इंजेक्शन रोज रात्री, उंची पूर्ण होईपर्यंत, असं सांगितलंय. एकूण किती सेमी फरक पडेल? सुरू करण्याआधी काय विचारून घ्यावं?

आशिष77

ताई, 10 च्या खाली म्हणजे कमतरता, हे ठरलेलं आहे. उशीर करू नका, हाडं जुळली की काही होत नाही. पहिल्या वर्षी 9-10 सेमी सहज वाढतात. पाच वर्षं घेतलं तर हिशेब तुम्हीच करा.

बालतज्ज्ञ_सांगली

आशिष, हाडं जुळल्यावर उपयोग नाही हे बरोबर. बाकीच्या दोन गोष्टींत गफलत आहे.

एका टेस्टवर कमतरता ठरवत नाहीत. चांगल्या वाढणाऱ्या मुलांनाही एखाद्या टेस्टमध्ये 10 च्या खाली येतं, म्हणून दोन वेगवेगळ्या औषधांनी दोन टेस्ट करायच्या असतात. शिवाय 10 हा आकडा जुन्या तपासणी पद्धतींवरून आलाय. नव्या पद्धतीत अनेक ठिकाणी 7 च्या आसपासची रेषा धरतात. 8.2 नेमका मधल्या धूसर पट्ट्यात पडतो.

पाच वर्षांचा गुणाकारही चुकतो. पहिल्या वर्षीची वाढ सगळ्यात जोरात असते, पुढे ती दरवर्षी उतरते. आणि पहिल्या वर्षी 9 सेमी वाढले तरी त्यातले साडेचार-पाच मुलगा औषधाशिवायही वाढणारच होता. औषधाची कमाई वरच्या फरकाएवढीच.

वैशालीताई, हे कळवा: मागच्या दोन-तीन वर्षांच्या उंचीच्या नोंदी तारखेसकट, थायरॉइड आणि सेलिॲकची रक्ततपासणी झाली का, आणि बाबा किंवा मामा उशिरा उंच झाले होते का.

वैशाली_क

8 वर्षं 4 महिन्यांना 111 सेमी होता. मागच्या जूनमध्ये 121.2, यंदा एप्रिलमध्ये 125. म्हणून डॉक्टरांना "वर्षाला 4 सेमी" सांगितलं. थायरॉइड नॉर्मल आहे, सेलिॲकचं कुणी काही बोललं नाही. हे (मुलाचे बाबा) दहावीला वर्गात सगळ्यात बुटके होते, अकरावी-बारावीत उंच झाले, असं सासूबाई सांगतात.

बालतज्ज्ञ_सांगली

हे फार महत्त्वाचं आहे. जून ते एप्रिल म्हणजे 10 महिने. 10 महिन्यांत 3.8, म्हणजे वर्षाला साधारण 4.6. आधीच्या तीन वर्षांत 111 वरून 125, म्हणजे वर्षाला 4.7. गती हळू आहे, पण कायम तेवढीच आहे. खऱ्या कमतरतेत बहुतेकदा मूल स्वतःच्या रेषेवरून खाली खाली घसरत जातं. तुमचा मुलगा तक्त्याच्या खाली आहे, पण जवळजवळ समांतर चाललाय.

दुसरं म्हणजे हाडांचं वय 9. नऊ वर्षांच्या मुलाला 125 ही उंची तक्त्यात बसते, खालच्या बाजूला असली तरी. आई-बाबांवरून अपेक्षित उंची काढा: 165 अधिक 152 अधिक 13, भागिले 2, म्हणजे 165 सेमी. त्याच्या दोन्ही बाजूंना साधारण 8 सेमीची सूट धरतात. बाबा उशिरा वाढलेले, हाडं सव्वादोन वर्षं मागे, गती सारखी: हे सगळं "उशिरा वाढणारं मूल" या बाजूला झुकतं. पण हाडं मागे असणं कमतरतेतही दिसतं, म्हणून त्या एका गोष्टीवर निकाल देता येत नाही.

उशिरा वाढणाऱ्या मुलांची टेस्ट वयात येण्याआधी खोटी कमी येते. हॉर्मोन सुटायला शरीरात टेस्टोस्टेरॉनचा थोडा टेकू लागतो, तो अजून आलेला नसतो. म्हणून या वयात दुसरी टेस्ट करताना साधारण आठवडाभर आधी टेस्टोस्टेरॉनचं एक लहान इंजेक्शन देतात, याला प्रायमिंग म्हणतात. तुमच्या टेस्टआधी दिलं होतं का, हा पहिला प्रश्न विचारा. दुसरा सेलिॲकचा. गव्हाचा त्रास पोटात काहीही न जाणवता फक्त खुंटलेल्या उंचीतून दिसू शकतो, आणि त्यावर इलाज हॉर्मोन नाही, आहार आहे.

मनोहर_जो

माझा मुलगा 17 चा, 163 सेमी, पोलीस भरतीसाठी 165 हवेत. दोन सेमीचाच प्रश्न आहे, सहा महिने इंजेक्शन दिलं तर चालेल का?

बालतज्ज्ञ_सांगली

मनोहरराव, आधी मनगटाचा एक्स-रे काढा. हाडांच्या टोकाची वाढीची रेघ बंद झाली असेल तर दोन सेमी काय, दोन मिलिमीटरही वाढणार नाही. मुलांत हाडांचं वय साधारण 16, मुलींत 14 झालं की फार काही शिल्लक नसतं. बंद झाल्यावर दिलं तर हात-पाय सुजणं, सांधे दुखणं, साखर वाढणं एवढंच हाती येईल. भरतीसाठी सहा महिन्यांचा कोर्स असं काही नसतं.

निर्मला_सिस्टर

मी इंजेक्शन शिकवण्याचं काम करते, तेवढंच लिहिते. ठरलंच तर उपयोगी पडेल.

25 किलोच्या मुलाला किलोमागे 0.03 मिलिग्रॅम धरले तर रोज 0.75 मिलिग्रॅम. 1 मिलिग्रॅम म्हणजे 3 युनिट, म्हणून तेच 2.25 युनिट. काही पेनवर मिलिग्रॅम असतात, काही कंपन्या युनिटमध्ये लिहितात. डॉक्टरांच्या कागदावर कुठलं आहे आणि पेनवर कुठलं, हे पहिल्या दिवशी दोघांनी मिळून वाचा. इथे चूक झाली की डोस थेट तिप्पट किंवा एक-तृतीयांश होतो.

10 मिलिग्रॅमचं काडतूस या डोसला 13 दिवस जातं. डोस वजनावर असतो, त्यामुळे खर्चही वजनाबरोबर वाढतो. मुलगा 40 किलोचा झाला की रोज 1.2 मिलिग्रॅम, काडतूस आठच दिवस. पहिल्या महिन्याच्या बिलावरून पुढच्या वर्षांचा अंदाज बांधू नका.

टोचायचं झोपताना. मांडी, पोट, ढुंगण, रोज जागा बदलून. एकाच मांडीवर एकाच ठिकाणी टोचत राहिलात तर तिथे मऊ गाठ धरते, मुलाला दुखत नाही म्हणून तो तीच जागा मागतो, आणि तिथून औषध नीट शोषलं जात नाही. बोटांनी चाचपून बघा, कळतं. बटण पूर्ण दाबल्यावर दहापर्यंत मोजा आणि मगच सुई काढा, नाहीतर थेंब बाहेर येतो. रोज नवी सुई लावा. सुई पेनवर तशीच ठेवली की औषध गळतं आणि आत हवेचे बुडबुडे शिरतात.

फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत, दारात किंवा मधल्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्याला किंवा मागच्या भिंतीला टेकवू नका. एकदा गोठलं की वितळल्यावर स्वच्छ दिसलं तरी टाकून द्यायचं. पेन हलवायचं नाही.

वैशाली_क

सिस्टर, खूप आभार. प्रायमिंग दिलं नव्हतं. डॉक्टर, दोन्ही शक्यतांत किती सेमी, ते एकदा सरळ सांगाल का?

बालतज्ज्ञ_सांगली

खरी कमतरता निघाली तर पहिल्या वर्षी 8 ते 10 सेमी, काहींना त्याहूनही जास्त, दुसऱ्या वर्षापासून कमी. नियमित घेतलं तर आई-बाबांवरून येणाऱ्या उंचीच्या आसपास पोहोचण्याची आशा धरता येते, म्हणजे तुमच्याकडे 165 च्या जवळपास. त्यापलीकडे नेण्यासाठी हे औषध नाही. अशा निदानात मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचा एमआरआयही करतात.

कमतरता नसेल आणि मूल फक्त बुटकं असेल, तर चार ते सात वर्षं रोज टोचून शेवटच्या उंचीत सरासरी 4 ते 7 सेमी भर पडते. ही सरासरी आहे. काहींना जास्त मिळते, काहींना जवळजवळ काहीच नाही, आणि आधी नक्की सांगता येत नाही. पाच वर्षं म्हणजे अठराशेहून जास्त टोचण्या. आणि मूल उशिरा वाढणारं असेल तर त्या सेमींपैकी बरेचसे तसेही येणार होते.

सुरू केलंच तर दर तीन ते सहा महिन्यांनी त्याच भिंतीवरच्या मापपट्टीवर, अनवाणी, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी मोजा. सकाळ-संध्याकाळच्या मापात एक सेमीचा फरक पडू शकतो. वर्षाअखेर आधीच्या गतीपेक्षा वाढ 2 सेमीनेही जास्त नसेल तर आधी डोस चुकतायत का ते बघतात, मग निदान पुन्हा तपासतात, आणि तरी उत्तर नसेल तर बंद करतात. आयजीएफ-1 ही रक्ततपासणी वर्षातून एक-दोनदा होते. ती खूप वर गेली तर डोस कमी करावा लागतो.

आणि दोन तक्रारी "वाढीचं दुखणं" म्हणून सोडू नका. उलटीसह डोकेदुखी किंवा अंधूक दिसणं: इंजेक्शन थांबवून त्याच दिवशी डोळे तपासून घ्या. लंगडणं, किंवा कंबरेच्या खुब्यात अथवा गुडघ्यात दुखणं: खुब्याचा एक्स-रे. खुब्याचं हाड सरकलं तरी मूल गुडघाच दाखवतं, म्हणून गुडघ्याच्या एक्स-रेत काही नाही म्हटल्यावर थांबू नका.

आशिष77

दुसऱ्या टेस्टचा मुद्दा पटला. पण एक सांगा, वाट बघण्यात दोन वर्षं गेली आणि मग कमतरता निघाली तर?

बालतज्ज्ञ_सांगली

म्हणून दोन वर्षं वाट बघायची नाही. टेस्ट आत्ताच, आणि सहा महिन्यांनी उंचीचं माप. हाडांचं वय 9 आहे, एवढ्यानं दार बंद होत नाही.

वैशाली_क

तीन आठवड्यांनी लिहितेय. सेलिॲक नॉर्मल. प्रायमिंग देऊन ग्लुकॅगॉनची टेस्ट झाली: सकाळी उपाशी, हाताला सुई लावून ठेवली, तीन तास दर थोड्या वेळानं रक्त. मध्येच मळमळलं, एकदा उलटी झाली. सर्वांत वरचा आकडा 13.6 आला. डॉक्टर म्हणाले कमतरता नाही, सहा महिन्यांनी मोजू. यांना मात्र वाटतंय की 5 सेमी मिळणार असतील तरी का सोडायचे. घरात अजून एकमत नाही.

बालतज्ज्ञ_सांगली

13.6 म्हणजे त्याचं स्वतःचं हॉर्मोन पुरेसं सुटतंय. 5 सेमींसाठी घ्यायचं का, यावर आम्हा डॉक्टरांतही एकमत नाही. मी स्वतः या मुलाला आत्ता देणार नाही, कारण बाबांसारखं त्याचंही वाढणं पुढे असण्याची शक्यता चांगली आहे. 14 पूर्ण होऊनही वयात येण्याची सुरुवात झाली नाही, तर काही महिने कमी डोसचं टेस्टोस्टेरॉन देऊन ती सुरू करता येते, आणि ते याच्या तुलनेत फार स्वस्त आहे. मुलाला काय वाटतं, तेही विचारा. रोज टोचून त्याला घ्यायचंय.

वैशाली_क

त्याला विचारलं. म्हणाला, वर्गात पहिल्या बाकावर बसायला काही वाटत नाही, फक्त "छोटू" हाक नको. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, त्याच दवाखान्यात, त्याच भिंतीवर मोजणार. आकडा इथेच टाकते.