खर्चाची शीट आणि ‘बघायचंय’चा रकाना

(वडोदरा, सोसायटीतल्या मराठी मंडळींचा ग्रुप, रविवार)

वैशाली, बी-४०२: मंदारदादा, तुम्ही दिलेल्या खर्चाच्या गुगल शीटमध्ये जूनचं बँक स्टेटमेंट टाकलं. लाइट बिल, पाइपगॅस, पेट्रोल बरोबर लागलं. पण ‘इतर’मध्ये ११,३४० रुपये दिसतायत. एवढे कुठे गेले?

मंदार, ए-१०१: वहिनी, आधी तो ‘इतर’ शब्द काढा आणि तिथे ‘बघायचंय’ लिहा. ‘इतर’ हा ठरलेला खर्च वाटतो, मग तिकडे कुणी बघतच नाही. नवीन दुकानदार आला की त्याचा खर्च कुठल्या वर्गात टाकायचा हा नियम शीटमध्ये नसतो, त्यामुळे तो तिथेच पडणार, आणि ते योग्यच आहे. शीटने अंदाजाने त्याला किराण्यात ढकललं तर तुम्हाला कधी कळणारही नाही.

मंदार: आता त्या ओळी यूपीआय आयडीप्रमाणे एकत्र करा. एका आयडीची एक बेरीज, मोठी रक्कम वर.

वैशाली: केलं. सगळ्यात वर ४,२६०, जयेशभाई. हे आपले दूधवाले. मी डेअरीचं नाव शोधत होते, स्टेटमेंटमध्ये त्यांचं स्वतःचं नाव येतं.

मंदार: म्हणूनच नियम नावावर करू नका, आयडीवर करा. नाव खातं ज्याचं असेल त्याचं येतं, आणि बरेचदा मध्येच कापलेलं असतं. जयेशभाई नावाचे उद्या आणखी दोघं भेटतील, पण तो आयडी दुसऱ्या कुणाचा नसतो. ‘नियम’ पानावर एक ओळ घाला: डावीकडे आयडी, उजवीकडे ‘दूध’. स्टेटमेंटच्या ओळीत हाताने ‘दूध’ लिहू नका. बँकेची फाइल आहे तशी राहू द्यायची आणि सगळं दर वेळी नियमांवरून नव्याने लागू द्यायचं. मग एप्रिल-मेमधलं दूधही आपोआप जागेवर जातं.

वैशाली: हो, गेलं! मेचे सुद्धा.

नेहा, सी-३०३: दादा, माझ्याकडे गडबड आहे. भाजीवाला, रिक्षावाले आणि ब्युटी पार्लर, तिघांचाही आयडी `1@okaxis` दिसतोय. खंडेराव मार्केटच्या भाजीचा नियम केला आणि पार्लर भाजीत गेलं.

मंदार: तुझ्या बँकेची एक ओळ नाव-आकडे बदलून टाक. खरं स्टेटमेंट ग्रुपवर नको.

नेहा: `UPI-SONAL BEAUTY-sonal-1@okaxis-UTIB0000000-400000000000-PAYMENT`

मंदार: सापडलं. तुझ्या बँकेने रकाने हायफनने तोडलेत, आणि आयडीतही हायफन आहे. तू @ च्या आधीचा शेवटचा तुकडा उचलतेयस, म्हणून `sonal` गळून नुसता 1 उरतो. अशा ‘-1’ वाल्या आयडी पुष्कळ लोकांच्या असतात, म्हणून तिघं एक झाले. डावीकडून मोज: UPI, मग नाव, आणि त्यानंतर @ पर्यंतचं सगळं.

```
=IFERROR(LOWER(REGEXEXTRACT(B2,"^UPI-[^-]+-([^@]+@[A-Za-z0-9]+)")),"")
```

मंदार: हे फक्त तुझ्या बँकेसाठी. ज्या बँका तिरक्या रेघेने तोडतात त्यांना वेगळं सूत्र लागतं. काही बँका आयडीसुद्धा अर्धवट छापतात. तिथे नाव आणि तो अर्धा आयडी जोडून नियम करावा लागतो.

नेहा: सुटले तिघं 🙏

वैशाली: माझ्याकडे दुसरा ३,५०० चा आहे, तो चिन्मयचा नवा क्लास, नियम केला. तिसरा २,२२० आमचाच किराणावाला. त्याचा नियम तर पहिल्यापासून आहे!

मंदार: त्याने काउंटरवरचा क्यूआर बदलला का?

वैशाली: हो, नवा बोलणारा डबा आणलाय.

मंदार: मग आयडी नवा. त्याच वर्गाची दुसरी ओळ घाला, जुनी पुसू नका, नाहीतर मागचे महिने उघडे पडतील. २०२४ मध्ये बऱ्याच लोकांचे @paytm चे आयडी @ptyes, @ptaxis वगैरे झाले, तेव्हाही असंच झालं होतं. माणसं तीच, पण शीटला सगळी नवीन.

शिरीषकाका, ए-२०४: मंदार, आमच्याकडे पाइपगॅस २,६५० दाखवतोय. बिल ८५० चं आलं होतं, मी स्वतः भरलंय.

मंदार: काका, गॅससाठी आयडी नाही, शब्दाचा नियम आहे ना? GAS असा?

शिरीषकाका: हो.

मंदार: वरचे १,८०० कुणाला दिलेत बघा.

शिरीषकाका: आगाशे टेलर. काकूंचे ब्लाउज.

मंदार: AGASHE मध्ये GAS आहे, काका. नुसता शब्द शोधला की तो आडनावाच्या पोटातही सापडतो. पूर्ण शब्दच जुळायला हवा: `REGEXMATCH(B2,"(?i)\bGAS\b")`. आणि शब्दांच्या यादीत मध्ये रिकामी ओळ सोडू नका. SEARCH ला रिकामा शब्द प्रत्येक ओळीत सापडतो, मग त्याच्या खालच्या नियमांना कधी पाळीच येत नाही. माझ्या मते शब्दाचे नियम मोजकेच असावेत: वीज, गॅस, एटीएम, बँकेचे चार्जेस. दुकानदार सगळे आयडीवर. आधी आयडी बघायचा, तो नसेल तरच शब्द.

शिरीषकाका: ठीक. आता माझं एक ऐका, सगळेच. वर्ग कितीही नीट लावा, पण आधी बाकी जुळते का ते बघा. सुरुवातीची बाकी, अधिक जमा, वजा नावे, बरोबर अखेरची बाकी. वैशाली, तुझं सांग.

वैशाली: सुरुवात ५२,३१०. जमा ९८,०००. खर्च ७१,८४५. म्हणजे ७८,४६५ यायला हवे. बँक म्हणते ७७,९६५.

शिरीषकाका: ५०० चा फरक. बँकेकडे कमी आहेत, म्हणजे एक खर्च तुझ्या शीटमधून गळलाय. फाइल किती तारखेची?

वैशाली: दोन आहेत. एक १ ते २०, एक १५ ते ३०. मधल्या ओळी दोनदा येत होत्या, म्हणून तारीख, नाव, रक्कम सारखी असेल ती ओळ उडवली.

शिरीषकाका: त्यातच गेली. एकाच दिवशी एकाच जागी ५०० दोनदा दिलेत का?

वैशाली: हो! पेट्रोलपंप. सकाळी माझी अॅक्टिव्हा, संध्याकाळी यांची बाइक.

शिरीषकाका: प्रत्येक यूपीआय व्यवहाराला १२ आकडी संदर्भ क्रमांक असतो. तो सारखा असेल तरच ओळ दुबार. तारीख आणि रक्कम सारखी असून भागत नाही.

वैशाली: जुळली बाकी. पेट्रोलही आता बरोबर झालं. ‘बघायचंय’मध्ये एक आयडी १,००० चा आहे, दोन ओळी. मेडिकलवाले. पण त्यातले ४०० औषधांचे आणि ६०० सहलीची वर्गणी, तेच गोळा करतात. आता नियम कसला करू?

मंदार: आयडीला ‘औषधं’. आणि ६०० वाल्या ओळीचा तो १२ आकडी क्रमांक ‘अपवाद’ पानावर, समोर ‘सहल’. शीटने आधी अपवाद बघायचे, मग आयडी, मग शब्द, आणि काहीच नाही सापडलं तर ‘बघायचंय’. पण एकाच बिलात औषध आणि साबण दोन्ही असेल तर स्टेटमेंटवरून ते कधीच कळणार नाही, तिथे बिलच ठेवावं लागतं.

वैशाली: टाकला अपवाद. ३६० उरलेत, एकच ओळ. नाव ओळखीचं नाही, संध्याकाळी यांना विचारते.