ऊसतोड टोळीत ओळख लपवून राहावं का?

निपाणीकर: एम.ए.च्या प्रबंधासाठी अथणीकडच्या ऊसतोड टोळीत महिनाभर मजूर म्हणून राहायचंय, संशोधक आहे हे न सांगता. सांगितलं तर मुकादमाच्या धाकानं उचलीचा हिशेब कोणी बोलणार नाही. यात चूक काय?

खानापूरवाला: काही चूक नाही ओ. चारचौघांत दिसतं ते बघायला कुणाची परवानगी लागत नाही. लिहिताना गावाचं नि माणसांचं नाव बदला, झालं.

फडकरी: आठवडी बाजाराबद्दल हे पटतं. पण खोप हे त्यांचं घर आहे. रात्री चुलीपाशी कर्जाचं बोलतात ते सोबतच्या मजुराशी, प्रबंधाशी नव्हे.

नाव बदलून भागत नाही ते असं. समजा टोळीत १२ कोयते, म्हणजे १२ जोड्या, २४ माणसं. त्यात एकच विधवा, भावासोबत जोडीनं आलेली. तुम्ही लिहिलंत, ‘एक विधवा म्हणाली, मुकादम उचलीत जास्त आकडा मांडतो.’ बाहेरच्याला काही कळणार नाही, मुकादमाला मात्र पहिल्याच ओळीत कळेल, आणि पुढच्या हंगामाची उचल तोच देणार. तिथं विधवा हा तपशील गाळा, नाहीतर तीन-चार जणींचं बोलणं एकत्र करून मांडा. वहीत फक्त खुणेचे आकडे, आणि कुठला आकडा कुणाचा याची यादी खोपीत नको, दुसरीकडे कुलपात. वही कोर्टानं मागितली तर ‘मी संशोधक’ म्हणून सुटका नाही.

शहापूर_पेठ: आमच्या पतसंस्थेत फॉर्मवर अंगठा घेतला की संमती झाली. इथंही मुकादमाची सही घ्या की!

फडकरी: मुकादमाची सही म्हणजे टोळीत शिरायची वाट, मजुरांची संमती नव्हे. उलट त्यानं हो म्हटल्यावर मजुराला नाही म्हणणं जड जातं. शिवाय अंगठ्याचा कागद हाच नावानिशी पुरावा होतो. मराठीत वाचून दाखवा, तोंडी होकार घ्या, वहीत तारीख आणि खुणेचा आकडा टाका.

खानापूरवाला: म्हणजे मुकादमाची लबाडी कधी बाहेर यायचीच नाही? सगळ्यांना सांगून गेलात तर महिनाभर तो देवमाणूस होऊन वागेल.

फडकरी: पहिला आठवडा वागेल. तोडणीच्या घाईत सोंग टिकत नाही. पण तुमचा मुद्दा मी उडवून लावत नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ लॉड हम्फ्रीज यांच्या १९७० च्या अभ्यासावर आजही भांडण चालू आहे. सार्वजनिक स्वच्छतागृहांत लपूनछपून समलिंगी संबंधांसाठी येणाऱ्या पुरुषांच्या गाड्यांचे नंबर टिपून त्यांनी पत्ते मिळवले, आणि वर्षभरानं वेष पालटून, आरोग्य सर्वेक्षणाच्या नावाखाली त्यांच्या घरी गेले. त्या पुरुषांबद्दलचे गैरसमज त्यातून खोडले गेले हे खरं. पण ती यादी पोलिसांच्या हाती लागली असती तर?

निपाणीकर: आधी लपवलं आणि शेवटी सांगितलं तर?

फडकरी: मग हंगाम संपून पट्टा पडायच्या आधी सांगा. एकदा टोळी बीडकडे परतली की ‘माझं बोलणं काढा’ म्हणायला कोण कुठं गाठणार तुम्हाला? आणि सांगितल्यावर कुणी काढा म्हटलं तर पान खरोखर फाडायची तयारी हवी.

खानापूरवाला: चोवीसातल्या वीस जणांनी काढा म्हटलं, तर प्रबंध कशावर लिहायचा?